ग्लासातला केस आणि दीड महिना: पोरॉसिटी चाचणीच्या नोंदी

२ मार्च २०२५

माझे केस कुरळे, खांद्याच्या बरेच खाली, ओढून मोजले तर ३८ सेंटिमीटर. मुळाशी चपटे आणि तेलकट, टोकाशी वाळलेल्या गवतासारखे. शाम्पू बदलून काही होत नाही असं मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी पोरॉसिटी बघ, मग खरेदी कर." पद्धत सोपी वाटली. पाण्याच्या ग्लासात एक केस सोडायचा, दोन ते चार मिनिटं थांबायचं. तरंगला तर लो पोरॉसिटी, म्हणजे केस पाणी आत घेत नाही. बुडाला तर हाय, म्हणजे लगेच पिऊन टाकतो. मध्येच लटकला तर नॉर्मल.

कंगव्यातला केस काढला, स्टीलच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं, केस सोडला. चार मिनिटांनी तरंगत होता, दहा मिनिटांनीही तरंगत होता. प्रश्न सुटला असं समजून संध्याकाळी लो पोरॉसिटीवाल्यांसाठी सांगतात ती सगळी खरेदी केली. हलका शाम्पू ४२० रुपये, पाण्यासारखा पातळ लीव्ह-इन स्प्रे ४८०, आणि डोक्यावर घालायची वाफेची टोपी ५५०. एका केसाच्या जोरावर १,४५० रुपये. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडलेली हीच.

९ मार्च

आठवडाभर नियम पाळले. जड काही लावायचं नाही, तेल नाही, कंडिशनर नाममात्र, आठवड्यातून दोनदा वाफेची टोपी. मुळं बरी दिसायला लागली, हे मान्य. पण टोकं इतकी फुगली की वेणीचा शेवटचा वीतभर भाग कुंचल्यासारखा उभा राहतो. आई म्हणाली, "अगं, कसली टोपी घालून बसतेस? तेल लाव चार थेंब." मी तिला पोरॉसिटी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि परत म्हणाली, तेल लाव.

१० मार्च

एकाऐवजी दहा केस घेऊन चाचणी पुन्हा केली. काचेचे दहा ग्लास घरात नाहीत, म्हणून वाट्या घेतल्या. पाच केस अलगद पाण्यावर ठेवले, पाच बोटांतून सोडून दिले. अलगद ठेवलेले पाचही तरंगले. सोडलेल्यांपैकी दोन बुडाले, तीन तरंगले. बुडालेल्यांपैकी एकाचं टोक खाली आणि मूळ वर, असा तिरका उभा होता. एकाच डोक्यावरचे, एकाच दिवशी गळलेले केस.

मग जे सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. तरंगणाऱ्या केसांच्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला. काही सेकंदांत सगळे खाली गेले. केसांची सच्छिद्रता एका थेंबाने बदलली नव्हती, बदलला होता तो पाण्याचा पृष्ठताण. शाळेत सुई पाण्यावर तरंगवायचो, तोच खेळ. लोखंडाची सुई पाण्यापेक्षा कितीतरी जड, तरी अलगद ठेवली तर तरंगते, आणि ती काही पोकळ असते म्हणून नव्हे. केसही पाण्यापेक्षा जड असतो, साधारण १.३ पट. म्हणजे एकदा नीट भिजला की तो बुडणारच, मग तो निरोगी असो वा जळलेला. तरंगतो तो पाण्याच्या वरच्या ताणावर, आणि केस इतका बारीक आणि हलका की तेवढा ताण त्याला सहज पुरतो.

तेव्हा ग्लास सांगतो ते इतकंच: केस किती अलगद ठेवला, त्यावर तेल किंवा सिरम आहे का, बोटांचा तेलकटपणा लागला का, हवेचा बुडबुडा चिकटला का, आणि पाण्यात साबणाचा अंश आहे का. माझा स्टीलचा पेला कसा विसळला होता देव जाणे.

तरी ग्लासाला एक शेवटची संधी दिली. इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटरचं पाच लिटरचं कॅन १२० रुपयांना आणलं. केस दोनदा धुतले, कंडिशनर न लावता वाळवले, आणि मुळाकडचे व टोकाकडचे तीन-तीन सेंटिमीटरचे दहा-दहा तुकडे चिमट्याने ठेवले. मुळाकडचे दहाही तरंगले. टोकाकडचे, ज्यांची अवस्था नुसत्या डोळ्यांना दिसते, त्यातलेही आठ तरंगले. अर्ध्या तासाने आकडे तेच. ग्लास परत मांडणीवर ठेवला.

१४ मार्च, धुळवड

आज प्रयोग करायचा नव्हता, पण झाला. वहिनीने सकाळी केसांना भरपूर खोबरेल चोपडलं होतं, मी उशिरा उठले म्हणून तशीच उतरले. दुपारी दोघींनी दोनदा न्हाऊन घेतलं. वहिनीचं डोकं स्वच्छ. माझी मुळंही काळी. पण खालचा अर्धा भाग गुलाबी, आणि वरच्या-खालच्या भागात सीमारेषा आखल्यासारखी.

पट्टी लावून मोजलं तर रेषा मुळापासून साधारण १८ सेंटिमीटरवर आली. आणि मग आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी खालच्या केसांना हायलाइट केले होते, म्हणजे आधी ब्लीच आणि वर तपकिरी रंग. तपकिरी रंग नंतर काळपट करून घेतला, म्हणून ती गोष्ट डोक्यातूनही गेली होती. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. सोळा महिन्यांचे सोळा ते वीस सेंटिमीटर. गुलाबी रंगाने मला ब्लीचची तारीख सांगितली.

लो आणि हाय म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने इथे कळलं. केसाच्या बाहेर क्युटिकलचे खवले असतात, छपरावरच्या मंगलोरी कौलांसारखे एकावर एक, तोंड टोकाकडे. त्यांच्यावर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, केसासोबतच तयार होणारा आणि त्याला रासायनिकरीत्या जोडलेला. त्यामुळे नवा केस पाणी झटकतो. कौलं बसलेली आणि थर शाबूत, तर पाणी हळू आत जातं आणि हळूच बाहेर येतं. ही लो पोरॉसिटी. ब्लीच आणि अमोनियाचा रंग आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कली असतात. ते हा थर काढून टाकतात, कौलं उचकटतात. आता पाणी, रंग, हवेतला दमटपणा, सगळं झपाट्याने आत जातं आणि झपाट्याने निघून जातं. ही हाय. हा थर एकदा गेला की त्या तुकड्यावर पुन्हा उगवत नाही, कारण डोक्याबाहेरचा केस जिवंत नसतो.

थोडक्यात, माझ्या डोक्याची पोरॉसिटी किती हा प्रश्नच चुकीचा होता. १८ सेंटिमीटरच्या वर एक उत्तर आहे आणि खाली दुसरं. आणि मी २ तारखेला ग्लासात टाकलेला केस अख्खा, दोन्ही उत्तरं एकत्र घेऊन तरंगत होता.

१६ मार्च

थेंबाची चाचणी. ही मला उपयोगी पडली, म्हणून नीट लिहिते.

आदल्या रात्री डीप क्लिन्झिंग शाम्पूने (३५० रुपये) केस दोनदा धुतले. कंडिशनर, सिरम, जेल काही नाही. पंख्याखाली रात्रभर वाळवले. सकाळी बोटभर रुंदीची बट घेतली, बशीवर सपाट पसरून ओढून धरली, आणि लहान मुलांच्या औषधाच्या ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचा एकच थेंब वरून ठेवला. टाकला नाही, ठेवला. वहिनी मोबाइलवर वेळ मोजत होती.

मुळापासून पाच सेंटिमीटरवर थेंब मण्यासारखा उभा राहिला. पाच मिनिटं थांबून मी बट तिरकी केली तर तो अळूच्या पानावरून घरंगळतो तसा गेला. बारा सेंटिमीटरवर तसंच. वीसवर थेंब वीस-पंचवीस सेकंदांत पसरला. टोकाशी सहा ते नऊ सेकंदांत नाहीसा, खालची बशी ओली. प्रत्येक जागी तीन थेंब ठेवले, फरक फार पडला नाही.

गोची कुठे होते तेही सांगते. पहिल्यांदा मी बट जाड घेतली आणि पिळदार ठेवली, तर मुळाकडेही थेंब केसांमधल्या फटीतून आत उतरला. तो केसात शिरला नव्हता, दोन केसांच्या मधून घसरला होता. बट पातळ, सपाट आणि विंचरलेली हवी, आणि वरच्या व खालच्या भागात जाडी सारखी हवी. दुसरं, ही चाचणीही पृष्ठभागाचीच आहे. केस आत किती पाणी धरतो हे ती सांगत नाही. पण ब्लीचने जो थर जातो तो पृष्ठभागावरचाच, आणि आपण वरून लावतो ते सगळं आधी त्यालाच भेटतं.

२२ मार्च

आत किती पाणी शिरतं तेही बघायचं होतं. पार्लरमध्ये टोकं पाच सेंटिमीटर कापून घेतली (३०० रुपये) आणि कापलेले केस पिशवीत घालून घरी आणले. पार्लरवालीने विचारलं, कशाला? मी म्हटलं, मोजायला. तिने पुढे काही विचारलं नाही.

तुलनेला न रंगवलेले केस हवे होते. आई आयुष्यात कधी केस रंगवायला गेली नाही, आणि तिचं गुंतवळ ती अजूनही कापडी पिशवीत साठवते, केसांवर भांडी देणारी बाई वर्षातून एकदा येते तिच्यासाठी. त्यातलं थोडं मागून घेतलं. ते इतकं तेलकट होतं की तीन वेळा धुवावं लागलं. एकदा धुतल्यावर थेंबाची चाचणी केली तेव्हा थेंब अगदी गोल उभा राहिला होता, पण ते आईचे केस नव्हते, आईचं खोबरेल होतं.

सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा ३८० रुपयांना मागवला, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा. दोन्हींच्या दोन-दोन ग्रॅमच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या, पंधरा मिनिटं भिजवल्या, टॉवेलने टिपल्या आणि तोलल्या. आकडे निरर्थक आले. टॉवेल हलका दाबला तर आईची जुडी जड, जोरात दाबला तर माझी. जुडीत केसांच्या आतल्या पाण्यापेक्षा केसांच्या मधलं पाणीच जास्त असतं, आणि ते माझ्या हाताच्या जोरावर अवलंबून. तीन तास गेले.

२३ मार्च

प्रयोगशाळेत हे मधलं पाणी काढायला सेंट्रिफ्यूज वापरतात. आमच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. दोन जुने सुती मोजे घेतले, एकेका मोज्याच्या चवड्यात एकेक जुडी, वरून गाठ, आणि ड्रायरमध्ये समोरासमोर. पहिल्या फेरीत दोन्ही एकाच बाजूला पडले आणि मशीन स्वयंपाकघरापर्यंत चालत आलं. दुसऱ्यांदा मध्ये ओला टॉवेल भरून मोजे जागेवर अडकवले. तीन मिनिटं फिरवलं.

आईची दोन ग्रॅमची जुडी २.७ ग्रॅम झाली, माझी टोकांची २.९५. पुन्हा केलं तर २.६८ आणि ३.०१. म्हणजे न रंगवलेल्या केसांनी वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त पाणी धरलं, ब्लीच झालेल्यांनी जवळपास निम्मं. त्यात थोडं मधलं पाणी अजून असणारच, पण फरक दोन्ही वेळा त्याच बाजूला आला.

एक गोष्ट लक्षात घ्या: आईचे, थेंब झटकणारे केससुद्धा पाणी धरतात. लो पोरॉसिटी म्हणजे रेनकोट नव्हे. पंधरा मिनिटं भिजवा, आत जातं. दमट हवेतही जातं, नुसती वेळ जास्त लागते.

हे कोणी करावं असं मी म्हणणार नाही. थेंबाने जे सांगितलं होतं तेच मोज्यांनी सांगितलं, आणि आईने मशीनला हात लावायची बंदी केली.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवून झाल्यावर बसले. आतापर्यंत मी केस तपासत होते. कापलेली टोकं उरली आहेत तर त्यांच्यावर वस्तूच का तपासू नयेत, असं वाटलं. टोकांना थेंब नऊ सेकंदांच्या आत शोषायची सवय. एखादी वस्तू लावून, धुऊन, वाळवल्यावर थेंब जास्त वेळ टिकला, तर त्या वस्तूने हरवलेल्या थराचं थोडं तरी काम केलं.

सहा पातळ जुड्या केल्या. एक तशीच ठेवली. दुसरी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवली, लिटरला एक चमचा, कारण व्हिनेगरने क्युटिकल बंद होतं असं सगळीकडे ऐकलं होतं. तिसरीला खोबरेल रात्रभर, मग शाम्पू. चौथीला घरातला जुना कंडिशनर तीन मिनिटं. पाचवीला नवा, ३१० रुपयांचा, ज्याच्या घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच सेटिल अल्कोहोल आणि बेहेनट्रायमोनियम क्लोराईड लिहिलेलं आहे. सहावीला तोच कंडिशनर आणि वाळल्यावर सिलिकॉनच्या सिरमचा (२४० रुपये) एक थेंब.

तशीच ठेवलेली: आठ सेकंद. व्हिनेगर: नऊ. म्हणजे काहीच नाही. उचकटलेली कौलं आंबट पाण्याने परत बसत नाहीत. शाम्पूनंतरचा अल्कलीपणा ते घालवत असेल, पण आजकालचे बरेच शाम्पू मुळात अल्कली नसतातच. खोबरेल: तीस सेकंदांच्या आसपास. जुना कंडिशनर: पंधरा. नवा: पन्नास. सिरमसकट: चार मिनिटांनीही थेंब उभा, अगदी माझ्या मुळांसारखा.

दोन कंडिशनरमधला फरक मला आधी कळेना. मग जुन्याची बाटली उलटी करून वाचली. बेहेनट्रायमोनियम यादीत फार खाली होतं, सुवासाच्या जवळपास. अशा घटकांवर धन विद्युतभार असतो आणि ब्लीच झालेल्या जागांवर ऋण, म्हणून ते नेमके खराब जागीच चिकटून बसतात. मुळांना त्यांचं फार काही नको असतं, तिथे ते नुसते साठून केस चपटे करतात. माझ्या "चपटी मुळं, कोरडी टोकं" या तक्रारीचा अर्धा भाग इथे होता: मी नेहमी कंडिशनर टाळूपासून खाली चोळत यायचे आणि टोकांपर्यंत हात येईपर्यंत तळहातावर काही उरायचं नाही.

सहाव्या जुडीने अजून एक गोष्ट उघड केली. सिरम लावलेला केस घेऊन कोणी थेंबाची किंवा ग्लासाची चाचणी केली, तर ब्लीच झालेला केसही लो पोरॉसिटी ठरेल. २ मार्चच्या माझ्या केसावर आधीच्या आठवड्यातलं सिरम असण्याची शक्यता भरपूर आहे.

खोबरेलाबद्दल आईचा हट्ट खोटा नव्हता. मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइलची तुलना छापली होती, आणि त्यात केसांतून प्रथिन धुऊन जाणं खोबरेलानेच लक्षणीय कमी झालं होतं. मॅरिको खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू छोटे आणि सरळ, म्हणून ते केसात शिरतात, आणि आत तेल असलं की धुताना पाणी कमी शिरतं. म्हणून ते न्हाण्याच्या आधी लावायचं. न्हाल्यावर वरून चोपडलं तर नुसतं चिकट होतं.

६ एप्रिल

मध्येच एक माती खाल्ली. हाय पोरॉसिटीला प्रोटीन लागतं असं ठरवून ३९० रुपयांचा प्रोटीन मास्क आणला आणि पहिल्याच आठवड्यात तीनदा लावला, तोही मुळांपासून. पहिल्या वेळेला टोकं खरंच भरल्यासारखी वाटली. तिसऱ्या वेळेनंतर अख्खे केस खराट्यासारखे ताठ झाले, विंचरताना काडीसारखे तुटायला लागले. वहिनी म्हणाली, "ताई, इस्त्री केलीत का?"

प्रोटीनचे बारीक तुकडे केसावर पातळ थर करतात, काही आतही जातात. ब्लीच झालेल्या भागाला त्याने थोडा ताठपणा मिळतो. पण थरावर थर बसला की केस वाकायचा तिथे मोडतो, आणि शाबूत मुळांना तर त्याची गरजच नव्हती. डीप क्लिन्झिंग शाम्पूने एकदा धुतलं, मग पुढचे दोन वेळा नुसता कंडिशनर. पूर्ववत व्हायला आठवडा गेला.

१३ एप्रिल

आता जे करते ते एका रविवारचं लिहिते.

आदल्या रात्री खोबरेल, फक्त १८ सेंटिमीटरच्या खाली, एक चहाचा चमचा. मुळांना शून्य. सकाळी शाम्पू फक्त टाळूला, एकदाच. खाली उतरणारा फेस टोकांना पुरतो. केसांतलं पाणी हाताने पिळून टाकते, कारण चिंब केसांवर कंडिशनर पातळ होऊन वाहून जातो. मग कंडिशनर टोकांपासून वर, रेषेपर्यंतच, मोठा दीड चमचा. तीन मिनिटं. त्यात मोठ्या दातांचा कंगवा फिरवते. दर चौथ्या न्हाण्याला कंडिशनरच्या आधी प्रोटीन मास्क, तोही शेवटच्या दहा सेंटिमीटरला.

धुतल्यावर जुन्या टीशर्टने टिपते. टोकं अजून ठिबकत असतानाच सिरमचे दोन थेंब खाली. आधी मी अर्धवट वाळल्यावर लावायचे. तोपर्यंत टोकांतलं पाणी उडून गेलेलं असायचं आणि केस फुगलेल्या आकारातच राहायचे. मुळांना तो ४८० रुपयांचा पातळ स्प्रे, तीन फवारे. तो वाया गेला नाही, नुसता चुकीच्या जागी जात होता.

वाळायला मुळांना अजूनही तीन तास लागतात आणि टोकांना तासाभराच्या आत काम होतं. ते बदलणार नाही. पण टोकं वाळल्यावर कुरळी राहतात, कुंचला होत नाहीत.

वाफेच्या टोपीबद्दल: उबेने क्वचित फायदा होत असेल, पण गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तेवढंच करतो. टोपी वहिनीच्या मैत्रिणीला दिली.

वहिनीला घरी केस रंगवायचे आहेत, तिचीही टोकं जुन्या रंगाची आहेत. तिला थेंब ठेवून दाखवला: टोकांना बारा सेकंद. मग रंग आधी मुळांना लावला, वेळ संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा टोकांपर्यंत ओढला. मागच्या वेळी सगळीकडे एकदम लावला होता तर टोकं कोळशासारखी झाली होती आणि मुळं फिकी. यावेळी सारखा बसला.

२० एप्रिल

महिनाभर पाणी टँकरचं होतं आणि आज पुन्हा महापालिकेचं आलं. दोन्ही पाण्यांनी धुतलेल्या केसांवर थेंब ठेवून पाहिला. टोकांना फरक नाही. मुळांना टँकरच्या पाण्यानंतर थेंब थोडा लवकर पसरला, तीन मिनिटांत, पण एकदाच पाहिलंय, त्यावरून काही ठरवत नाही.

हिशोब: पहिली खरेदी १,४५०, डिस्टिल्ड वॉटर १२०, डीप क्लिन्झिंग शाम्पू ३५०, टोकं कापणं ३००, वजनकाटा ३८०, कंडिशनर ३१०, सिरम २४०, प्रोटीन मास्क ३९०. एकूण ३,५४० रुपये. पहिल्याच दिवशी ड्रॉपर हातात घेतला असता तर शाम्पू, कापणं, कंडिशनर आणि सिरम इतक्यात भागलं असतं, १,२०० रुपये. ड्रॉपर भाच्याच्या तापाच्या औषधाबरोबर फुकट आलेला.

गुलाबी रंग अजून शेवटच्या तीन बोटांवर आहे. दुपारी भांडेवाली आली. आईने गुंतवळाची पिशवी तिच्यापुढे ठेवली, तिने ती हातावर तोलून पाहिली आणि म्हणाली, गेल्या वेळेपेक्षा कमी आहे. आईने माझ्याकडे बघितलं. मोज्यातली जुडी आणून दिली, दोऱ्यासकट.